ओळंब्याचा लंबक आणि सरळ रेषेतून g: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स घेताना दर वर्षी लंबकाच्या प्रयोगाला तेच प्रश्न येतात. त्यातले बहुतेक आलेखाबद्दल असतात, लंबकाबद्दल फार कमी. म्हणून एकाच प्रयोगाची रीडिंग शेवटपर्यंत सोडवून ती उत्तरं इथे लिहिली आहेत. प्रयोग एका विद्यार्थिनीने दिवाळीच्या सुट्टीत औशाजवळच्या आपल्या गावी केला. घर जुनं, माळवदाचं. तुळईला दोन लाकडी चकत्यांमध्ये दोरा घट्ट धरला आणि गोळ्याच्या जागी काकांचा गवंडीकामाचा पितळी ओळंबा टांगला. हा ओळंबा निवडल्यामुळेच हा प्रयोग इतका शिकवून गेला.

सूत्र तर माहीत आहे. मग लांबी आणि आवर्तकाल मोजून g थेट का काढू नये?

सूत्र आहे T = 2π√(L/g). यात L म्हणजे दोरा जिथे धरला आहे तिथपासून लोंबणाऱ्या वस्तूच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर. गोल गोळा असेल तर मध्य सापडतो. ओळंबा मात्र वर जाड आणि खाली निमुळता. त्याचा गुरुत्वमध्य नेमका कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही. मोजता येतं ते फक्त चकत्यांपासून ओळंब्याच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. त्याला x म्हणू. कडेपासून गुरुत्वमध्य c इतका खाली असेल, तर खरी लांबी x + c होते, आणि c आपल्याला माहीत नाही.

तिची रीडिंग अशी होती. प्रत्येक लांबीला २० दोलनांचा वेळ तीनदा घेऊन सरासरी काढली आहे.

| x (मी.) | २० दोलनं (से.) | T (से.) | T² (से.²) |
|---|---|---|---|
| ०.४०० | २६.४५ | १.३२२५ | १.७४९ |
| ०.६०० | ३१.९० | १.५९५० | २.५४४ |
| ०.८०० | ३६.६८ | १.८३४० | ३.३६४ |
| १.००० | ४०.७६ | २.०३८० | ४.१५३ |
| १.२०० | ४४.६६ | २.२३३० | ४.९८६ |
| १.४०० | ४८.०५ | २.४०२५ | ५.७७२ |

आता c विसरून, x हीच लांबी धरून प्रत्येक ओळीतून g काढा. पहिल्या ओळीतून ९.०३ येतो, शेवटच्या ओळीतून ९.५८. सहांची सरासरी ९.३९. एवढा कमी g पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नाही. सरासरी काढताना तिला काहीच खटकलं नाही. पण सहा उत्तरं ओळीने पाहिली, तर लांबी वाढते तसा g वाढताना दिसतो. g ला दोऱ्याच्या लांबीशी काही देणंघेणं नाही, म्हणजे लांबीतच काहीतरी राहून गेलं आहे. सरासरीने हा इशारा पुसून टाकला. आलेख तो पुसत नाही, समोर आणून ठेवतो.

सरळ रेषा करायची म्हणजे नक्की काय करायचं?

T आणि x यांचा आलेख वक्र येतो. वक्राचा चढ जागोजागी बदलतो, म्हणून त्यातून एक स्थिरांक वाचता येत नाही. त्यासाठी सूत्राचा दोन्हीकडून वर्ग करा:

T² = (4π²/g)·x + (4π²/g)·c

आता हे y = mx + k च्या साच्यात बसलं. उभ्या अक्षावर T², आडव्या अक्षावर x. चढ, ज्याला प्रयोगशाळेत आपण सगळे स्लोप म्हणतो, तो 4π²/g इतका. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आंतरछेद (4π²/g)·c इतका.

या मांडणीत c चढातून पूर्ण बाहेर पडला. ओळंब्याचा मध्य एक सेंटिमीटर खाली असो की पाच, रेषा वर-खाली सरकेल, पण तिचा चढ तोच राहील. g काढायला c माहीत असायची गरजच उरत नाही, आणि वर आंतरछेदातून c फुकट मिळतो.

√L आणि T चा आलेखही सरळ येतो ना? तो का नको?

L पूर्ण माहीत असेल तर येतो. त्याचा एक फायदाही आहे: T ची अनिश्चितता सगळ्या बिंदूंना सारखीच राहते. पण आपल्याजवळ √x आहे, √(x + c) नाही. c वर्गमुळाच्या आत अडकला की रेषा थोडी वाकते आणि c काही केल्या सुटा होत नाही.

लॉग घेतल्यावरही तेच होतं. ln T आणि ln x चा आलेख काढला तर चढ ०.५ यायला हवा. वरच्या पहिल्या आणि शेवटच्या रीडिंगमधून तो ०.४८ च्या जरा खाली येतो. ते पाहून एका मुलाने मला विचारलं होतं, "सर, सूत्रच चुकीचं आहे का?" सूत्र बरोबर आहे. लॉग गुणाकाराची बेरीज करतो, पण आत आधीच असलेली x + c ही बेरीज त्याला फोडता येत नाही. घातांकच माहीत नसेल तेव्हा लॉगचा आलेख काढावा. घातांक माहीत आहे आणि एखादं अंतर अज्ञात आहे, तेव्हा ते अंतर आंतरछेदात जाईल अशी मांडणी निवडावी.

आंतरछेद शून्य यायला हवा असं मॅन्युअलमध्ये आहे. रेषा मूळबिंदूतून ओढू का?

ओढू नका. मूळबिंदूवर आपण काही मोजलेलं नाही. तिथे रेषा बळजबरीने नेली की c ची सगळी चूक चढात घुसते. याच रीडिंगवर मूळबिंदूतून जाणारी उत्तम रेषा काढली तर चढ ४.१६ येतो आणि g होतो ९.४९. रेषेला मोकळं सोडलं तर चढ ४.०३३ आणि g ९.७९. रीडिंग तीच, पट्टी एका ठिकाणी दाबून धरल्यामुळे g मध्ये तीन टक्क्यांचा फरक पडला.

एरर बार सगळ्या बिंदूंना सारखाच काढला तर चालेल का?

T² च्या आलेखावर चालत नाही. ती मोबाईलच्या स्टॉपवॉचने वेळ घेत होती. तीन वेळच्या रीडिंगमधला फरक पाहून २० दोलनांच्या वेळेला ±०.१ सेकंद धरलं. म्हणजे एका आवर्तकालाला ±०.००५ सेकंद. इथवर सगळ्या बिंदूंना सारखंच. पण वर्ग केल्यावर अनिश्चितता 2T·ΔT होते, म्हणजे T मोठा तशी तीही मोठी. पहिल्या बिंदूला ती ±०.०१३ आणि शेवटच्याला ±०.०२४. जवळजवळ दुप्पट. रूपांतर कोणतंही करा, अनिश्चितता त्याच रूपांतरातून न्यावी लागते. T चा बार उचलून T² च्या आलेखावर चिकटवला, असं जर्नलमध्ये मला वारंवार सापडतं.

x ची अनिश्चितता इथे एक-दोन मिलिमीटर. तिच्यामुळे T² मध्ये पडणारा फरक ०.००४ ते ०.००८, उभ्या बारच्या मानाने लहान. म्हणून आडवे बार काढले नाहीत.

चढाची अनिश्चितता हाताने कशी काढायची?

सगळ्या बारमधून जाऊ शकेल अशी सर्वांत चढी रेषा ओढा, आणि तशीच सर्वांत पडती. दोन्हींच्या चढांतल्या फरकाचा निम्मा भाग म्हणजे चढाची अनिश्चितता.

चढी रेषा इथे सोपी निघाली. पहिल्या बारच्या खालच्या टोकापासून शेवटच्या बारच्या वरच्या टोकापर्यंत, म्हणजे (०.४००, १.७३६) पासून (१.४००, ५.७९६) पर्यंत. चढ ४.०६०. मधल्या सगळ्या बारमधून ती जाते. चौथ्या बारच्या वरच्या टोकाला मात्र जवळजवळ घासून जाते.

पडत्या रेषेला तिने तीच युक्ती उलटी वापरली, पहिल्याच्या वरच्या टोकापासून शेवटच्याच्या खालच्या टोकापर्यंत. चढ आला ३.९८६. पण ती रेषा पाचव्या बारच्या खालून निसटते. जो बिंदू आपण मोजला त्याच्याशी न जुळणारी रेषा धरता येत नाही. मग पट्टी फिरवत फिरवत ती दुसऱ्या बारच्या वरच्या आणि पाचव्या बारच्या खालच्या टोकावर टेकली: (०.६००, २.५६०) आणि (१.२००, ४.९६४). चढ ४.००७. ही सगळ्या बारमधून जाते.

निम्मा फरक ०.०२७. म्हणजे चढ ४.०३ ± ०.०३ असा लिहायचा. टोकाचे बार जोडले की झालं, असं डोळे मिटून करणाऱ्याची अनिश्चितता इथे ०.०३७ आली असती. म्हणून रेषा ओढल्यावर प्रत्येक बार एकदा बोटाने तपासा.

चढ काढताना रेषेवरचे दूरदूरचे दोन बिंदू घ्या, आणि ते मोजलेले बिंदू नसावेत. मोजलेलेच दोन बिंदू घेतले तर बाकीचे चार वाया गेले.

चढावरून g ची अनिश्चितता कशी काढायची?

g = 4π²/चढ. इथे नुसती भागाकाराची नाती आहेत, म्हणून टक्केवारी जशीच्या तशी पुढे जाते. ०.०२६७ भागिले ४.०३३ म्हणजे ०.६६ टक्के. g चे ०.६६ टक्के म्हणजे ०.०६. उत्तर: ९.७९ ± ०.०६ मी./से.². खात्रीसाठी दोन्ही टोकांचे चढ सूत्रात घालून पाहा. ४.०६० वरून ९.७२ येतो, ४.००७ वरून ९.८५. जुळलं. चढ वाढला की g कमी होतो एवढं लक्षात राहू द्या.

चढ वर्गात किंवा वर्गमुळात असता तर टक्केवारी दुप्पट किंवा निम्मी झाली असती. इथे तसं नाही.

स्प्रेडशीटमध्ये हेच कसं मिळेल?

x A रकान्यात आणि T² C रकान्यात ठेवा. मग:

```
=LINEST(C2:C7,A2:A7,TRUE,TRUE)
```

पहिल्या ओळीत चढ आणि आंतरछेद येतात, दुसऱ्या ओळीत त्यांच्या प्रमाण त्रुटी. पहिलं TRUE रेषेला मोकळं सोडतं. तिथे FALSE लिहिलं की मूळबिंदूची बळजबरी झालीच. तिच्या रीडिंगला चढ ४.०३३ ± ०.०१३ आणि आंतरछेद ०.१३२ ± ०.०१३ आला. g = ९.७९ ± ०.०३.

हाताने ±०.०६ आणि संगणकाने ±०.०३. खरी अनिश्चितता कोणती?

दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. हाताची पद्धत विचारते, की माझे बार पूर्ण खरे धरले तर चढ टोकाला किती जाऊ शकतो? संगणक तुमचे बार बघतच नाही. तो बिंदू रेषेपासून प्रत्यक्षात किती विखुरले हे पाहतो आणि त्यावरून चढ किती हलू शकेल याचा अंदाज देतो. बिंदूंचे चढउतार एकमेकांना काही अंशी खोडतात, हे त्याच्या हिशेबात आहे, म्हणून त्याचा आकडा लहान.

इथे बिंदू रेषेपासून साधारण ०.०११ ने विखुरले आहेत आणि बार ०.०१३ ते ०.०२४ चे आहेत. विखुरणं बारपेक्षा थोडं कमी, म्हणजे ±०.१ सेकंद जरा सावधपणे धरलं होतं. यात वावगं काही नाही. विखुरणं बारच्या तिप्पट-चौपट असतं तर दोन शक्यता होत्या: वेळ घेताना हात चुकत होता, किंवा नातं सरळ रेषेचं नव्हतंच.

मी संगणकाचा आकडा स्वीकारतो, पण सहाच बिंदूंवर काढलेल्या त्रुटीचा स्वतःचाच भरवसा मर्यादित असतो. म्हणून ०.०१३ चा तिसरा अंक गिरवत बसत नाही.

R² ०.९९९ आला म्हणजे आलेख बरोबर ना?

नाही, आणि हे मला मनापासून सांगायचं आहे. याच रीडिंगमध्ये वर्ग न करता, T आणि x च्या वक्रावर सरळ रेषा बसवली तरी R² ०.९९३ येतो. जे नातं सरळ नाहीच त्यालाही एवढे गुण मिळतात.

खरं चित्र उरलेल्या फरकांत दिसतं, म्हणजे मोजलेली किंमत वजा रेषेवरची किंमत. वक्रावर बसवलेल्या रेषेचे फरक ओळीने असे: उणे ०.०४५, अधिक ०.०१३, अधिक ०.०३७, अधिक ०.०२६, अधिक ०.००७, उणे ०.०३९. दोन्ही टोकं खाली, मधला भाग वर, धनुष्यासारखा. आणि T चा बार फक्त ०.००५ चा आहे. T² च्या रेषेचे फरक पाहा: अधिक, उणे, अधिक, उणे, अधिक, उणे, आणि सगळे ०.०१५ च्या आत. त्यांना आकार नाही. फरकांना आकार दिसला की R² कितीही सुंदर असो, मांडणी पुन्हा तपासा.

रेषा सुरेख सरळ आली, तरी g चुकू शकतो का?

चुकू शकतो. चढालाच टक्केवारीने ओढणारी चूक असेल तर बिंदू शिस्तीत रेषेवर राहतात आणि अनिश्चितता लहानच दिसते. तीन चुका मी नेहमी शोधतो.

पहिली मोजणीची. ओळंबा सोडला तेव्हाच "एक" म्हटलं, तर विसाव्या आकड्याला प्रत्यक्षात १९ दोलनं झालेली असतात. T पाच टक्के कमी, T² जवळपास दहा टक्के कमी, आणि g होतो १०.८ च्या आसपास. एवढा आकडा दिसला की मी रीडिंग न पाहता विचारतो, "शून्यापासून मोजलं का?" सुरुवातीला "शून्य" म्हणा. आणि दोलन टोकाला थांबतं तिथे नव्हे, ओळंबा सगळ्यात खालून वेगाने जातो तिथे बटण दाबा.

दुसरी कोनाची. सूत्र लहान झोक्यासाठी आहे. झोका मोठा झाला की आवर्तकाल वाढतो. बाजूला ओढण्याचा कोन १०° असेल तर T² साधारण ०.४ टक्के वाढतो, २०° असेल तर दीड टक्का. सगळ्या लांबींना कोन तोच ठेवला तर रेषा सरळच राहते, पण g तेवढ्याच टक्क्यांनी कमी येतो. आपली अनिश्चितता ०.३ टक्के, म्हणजे १०° सुद्धा जास्तच. ५° ला ही चूक ०.१ टक्क्यावर येते. १.४ मीटरच्या लंबकाला ५° म्हणजे बाजूला साधारण १२ सेंटिमीटर, ४० सेंटिमीटरच्या लंबकाला फक्त साडेतीन-चार. प्रत्येक वेळी सरसकट वीतभर ओढू नका.

तिसरी दोऱ्याची आणि टेपची. टेपच एक टक्का ताणलेली असेल तर चूक सरळ चढात जाते. मात्र टेपचं टोक झिजून दोन मिलिमीटर गेले असतील तर प्रत्येक x मध्ये तेवढाच फरक पडतो आणि तो आंतरछेदात जाऊन बसतो, g ला धक्का लागत नाही. सुतळी भाराने लांबते, म्हणून जाड शिवणदोरा घ्या आणि x नेहमी ओळंबा लोंबत असतानाच मोजा.

पंखा बंद करा हे सांगायला नको. तिच्या घरी जाड भिंतींमुळे वाराही लागत नव्हता.

पुस्तकात ९.८ किंवा ९.८१ आहे. ९.७९ लिहिलं तर गुण जातील का?

९.७९ ± ०.०३ च्या पट्ट्यात ९.८१ ही बसतो, त्यामुळे वाद नाही. पण "खरा" आकडा म्हणून ९.८१ धरू नका. ९.८०६६५ हा १९०१ साली ठरवलेला प्रमाण आकडा आहे. तो कुठल्या एका गावाचा नव्हे. g विषुववृत्ताकडे आणि उंचीवर कमी होतो. मराठवाडा १८ ते २० अंश अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून काहीशे मीटर उंच पठारावर आहे. त्यामुळे लातूरकडे g ९.७८ च्या आसपास असतो. लंबकानेच हे पहिल्यांदा जाणवून दिलं: १६७२ साली ज्याँ रिशेने पॅरिसचं लंबकाचं घड्याळ दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला नेलं, तेव्हा ते रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं.

आपला प्रयोग ९.७८ आणि ९.८१ मधला फरक सांगू शकतो का? ±०.०३ ने नाही सांगू शकत. अनिश्चितता निदान ±०.०१ वर आणावी लागेल. त्यासाठी २० ऐवजी ६० दोलनं घ्या म्हणजे वेळेची चूक तिप्पट विभागली जाईल, आणि x चा पल्ला वाढवा, कारण बिंदू जितके दूर पसरतील तितका चढ घट्ट होतो. मधे दाटीवाटीने चार बिंदू वाढवण्यापेक्षा टोकाचा एक बिंदू जास्त कामाचा. पण मग टेप आणि कोन यांचाही बारकाईने हिशेब ठेवावा लागेल. शिवाय ओळंबा बिंदूएवढा नसल्यामुळे आखूड लंबकाची परिणामी लांबी जवळपास एक मिलिमीटर जास्त भरते. आत्तापर्यंत ते दुर्लक्षित चाललं, तेव्हा चालणार नाही.

आंतरछेदातून मिळालेला c खरा आहे हे कसं तपासायचं?

०.१३२ भागिले ४.०३३ म्हणजे ०.०३३ मीटर. त्याची अनिश्चितता ०.०१३ भागिले ४.०३३, सुमारे ०.००३ मीटर. म्हणजे c = ३.३ ± ०.३ सेंटिमीटर. टक्केवारीत ही अनिश्चितता दहाच्या घरात जाते, कारण आंतरछेदासाठी रेषा ०.४ पासून शून्यापर्यंत मागे लांबवावी लागते आणि चढातला थोडासा हेलकावाही तिथे मोठा होतो.

आकडा हाती आल्यावर तिने दोरा सोडून ओळंबा आडवा धरला आणि लोखंडी पट्टीच्या कडेवर तोलून पाहिला. जिथे तो स्थिर राहिला तिथे पेन्सिलीची खूण केली. वरच्या कडेपासून ३.१ सेंटिमीटर.